विंगरचे शॉट आणि ऑन टार्गेट शॉट: माझा भाव १.४२, बाजारात १.७२. चूक कुठे आहे?

कॉर्नरफ्लॅग

एका खेळाडूच्या ऑन टार्गेट शॉटचा भाव काढतोय. उत्तर इतकं गोड आलंय की नक्की काहीतरी चुकलंय.

खेळाडू उजव्या बाजूचा विंगर, डाव्या पायाचा, आत वळून मारणारा. लीगमध्ये आतापर्यंत १४८० मिनिटं, ४४ शॉट, त्यातले २० ऑन टार्गेट. १९ सामन्यांत सुरुवातीपासून, ४ वेळा बदली म्हणून. पुढचा सामना घरच्या मैदानावर, प्रतिस्पर्धी तळाचा संघ, मागे बसून खेळणारा.

माझा हिशोब असा: २० भागिले १४८०, गुणिले ९०, म्हणजे ९० मिनिटांना १.२२ ऑन टार्गेट. पॉयसाँमध्ये टाकलं तर किमान एक ऑन टार्गेट होण्याची शक्यता ७० टक्के, म्हणजे न्याय्य भाव १.४२. बाजारात ओव्हर ०.५ ला, म्हणजे किमान एकला, १.७२ मिळतोय आणि अंडरला २.०५. शिवाय प्रतिस्पर्धी कमकुवत, म्हणजे खरा भाव १.४२ पेक्षाही कमीच असायला हवा. एवढी मोठी फट कशी काय?

---

बाराखडी

सोपं आहे, त्याचा एक्सजी, म्हणजे अपेक्षित गोल बघा. एक्सजी जास्त असेल तर गोल करणार, आणि गोल म्हणजे ऑन टार्गेट आलाच. माझ्या फँटसी टीममध्ये तो तीन आठवडे कर्णधार आहे, एकदाच गोल केलाय पण दर वेळी धोकादायक वाटतो.

---

मैदानवेडा

बाराखडी, इथे गोलचा प्रश्नच नाही. एक्सजी शॉटची प्रत सांगतो, संख्या नाही. गोलपासून सहा यार्डांवर एकच संधी मिळणाऱ्या स्ट्रायकरचा एक्सजी या विंगरपेक्षा जास्त असू शकतो आणि शॉट निम्मे.

कॉर्नरफ्लॅग, मला तुमचा भाव फारसा चुकीचा वाटत नाही. अशा मागे बसणाऱ्या लो ब्लॉकसमोर चेंडू सतत त्यांच्या गोलकडच्या तिसऱ्या भागात असतो, शॉट भरपूर होतात. हा प्रतिस्पर्धी बाहेरच्या मैदानावर सामन्याला १५ शॉट खातो. ओव्हरच.

---

त्रैराशिक

मैदानवेडा, तुमचं अर्धं बरोबर आहे. लो ब्लॉकसमोर शॉटची संख्या वाढते, पण तोच लो ब्लॉक त्यातले किती गोलपर्यंत पोचतात तेही ठरवतो. त्यावर नंतर येतो, कारण कॉर्नरफ्लॅग यांच्या हिशोबातली पहिली चूक त्याच्या आधीची आहे.

९० मिनिटांचा दर काढून थेट पॉयसाँमध्ये टाकणं म्हणजे चार वेगवेगळ्या गोष्टी एकाच आकड्यात कोंबणं. संघ किती शॉट मारेल, तो मैदानात असताना त्यातले त्याचे किती, तो किती वेळ मैदानात असेल आणि त्याच्या शॉटपैकी किती ऑन टार्गेट जातील, असे चार दुवे आहेत. चारही सुटे ठेवले की कोणता ढिला आहे ते दिसतं.

आधी एक विचारतो. ४४ मध्ये पेनल्टी किती?

---

कॉर्नरफ्लॅग

दोन. दोन्ही ऑन टार्गेट, एक गोल. नेहमीचा पेनल्टी घेणारा तेव्हा जखमी होता, आता परतलाय.

---

त्रैराशिक

मग त्या दोन्ही बाजूला काढा. उरले ४२ शॉट, १८ ऑन टार्गेट.

आता संघाचे शॉट. तुमचा संघ घरी सरासरी किती मारतो, प्रतिस्पर्धी बाहेर किती खातो आणि लीगमध्ये यजमान संघाची सरासरी किती, हे तीन आकडे हवेत. समजा घरी १४.२, प्रतिस्पर्धी खातो १५, लीगची सरासरी १३.५. पहिल्या दोघांचा गुणाकार करून तिसऱ्याने भागलं की १५.८ येतात. दोन्ही आकडे अर्ध्या हंगामाचे आहेत, म्हणून थोडं सरासरीकडे ओढून मी १५ धरेन.

हे बरोबर आहे का ते तपासायला दुसरी वाट आहे. सामन्याच्या मुख्य बाजारातून, म्हणजे विजेता आणि एकूण गोल यांच्या भावांतून, यजमानांचे अपेक्षित गोल काढा. ते समजा १.६५ आले. मोठ्या लीगमध्ये साधारण नऊ-दहा शॉटमागे एक गोल पडतो. १.६५ ला ०.११ ने भागलं की बरोबर १५. दोन्ही वाटा एकाच गावाला पोचल्या तर पुढे जायचं. एकीकडून १५ आणि दुसरीकडून ११ आले, तर बाजाराला संघनिवडीबद्दल काहीतरी ठाऊक आहे असं समजून थांबायचं.

आता वाटा. तो मैदानात असताना संघाने एकूण किती शॉट मारले?

---

कॉर्नरफ्लॅग

मिनिटवार नोंदींवरून मोजले. २२०, पेनल्टी धरून.

---

त्रैराशिक

म्हणजे पेनल्टी सोडून २१८ पैकी ४२, १९.३ टक्के. हा आकडा जसाच्या तसा घेऊ नका. २१८ शॉट म्हणजे साधारण पंधरा-सोळा पूर्ण सामने. एवढ्यात दोन-तीन टक्के इकडेतिकडे नुसत्या योगायोगाने होतात. आत वळणाऱ्या विंगरचा वाटा मी सुरुवातीला १६ टक्के धरतो, मग त्याच्या स्वतःच्या नोंदींना त्यावर तोलतो. वजन म्हणून संघाचे १५० शॉट. १५० चे १६ टक्के म्हणजे २४. ४२ अधिक २४, भागिले ३६८, बरोबर १७.९. म्हणून १८ टक्के.

हे १५० कुठून आले असं कोणीतरी विचारणारच. आधीच्या हंगामाचा वाटा घेऊन पुढच्या हंगामाचा अंदाज बांधा, वजन बदलत जा, कोणत्या वजनाला चूक सर्वांत कमी ते बघा. लीगप्रमाणे उत्तर बदलतं, पण वाटा हा तुलनेने स्थिर आकडा आहे, त्यामुळे वजन फार लागत नाही. ऑन टार्गेटचं प्रमाण मात्र भलतंच चंचल, तिथे हात आखडता घ्यावा लागतो.

---

शून्यशून्य

१६ टक्क्यांबद्दल शंका आहे. "विंगर" हा शब्द संघनिवडीच्या चित्रातून आलेला. त्याच जागी खेळणारे दोघे, एक रेषेला चिकटून क्रॉस देणारा, दुसरा मागून फुलबॅक ओव्हरलॅप करतो म्हणून आत मोकळा होणारा. पहिल्याचा वाटा १० च्या आसपास, दुसऱ्याचा २० ला टेकतो. दोघांना एकाच १६ कडे ओढलं तर दोघांचंही चुकतं.

---

त्रैराशिक

मान्य. म्हणूनच भूमिका चित्रावरून न ठरवता चेंडू कुठे मिळतो त्यावरून ठरवावी. पेनल्टी बॉक्समध्ये किती वेळा चेंडू पायात येतो आणि उजव्या पट्टीतून डाव्या पायाने आत येऊन किती मारतो, या दोनच गोष्टी बघितल्या तरी दोन गट स्पष्ट पडतात. कॉर्नरफ्लॅग यांचा खेळाडू दुसऱ्या गटातला, म्हणून १६. रेषेवरचा असता तर ११ धरला असता.

आणखी एक सांगतो, कारण इथे बरेच जण फसतात. मुख्य स्ट्रायकर नसेल तर त्याचा वाटा बाकीच्यांत सारखा वाटला जात नाही. त्याच्या जागी येणारा बहुतेक शॉट स्वतःच घेतो. विंगरच्या पदरात एखाद-दीड टक्का पडतो. "स्ट्रायकर बाहेर, म्हणजे विंगरचा ओव्हर" हे ऐकायला छान आहे, हिशोबात बसत नाही. अपवाद एकच, विंगरलाच मध्ये खेळवलं तर.

---

लेफ्टबॅक_३

जरा वेगळं विचारतो. गेल्या आठवड्यात माझ्या खेळाडूचा एक शॉट खांबाला लागला आणि एक रेषेवरून डिफेंडरने काढला. स्कोअर अ‍ॅपवर ऑन टार्गेट १ दिसत होते. मी दोन मोजले. माझं चुकलं की अ‍ॅपचं?

---

शून्यशून्य

अ‍ॅप बरोबर. खांबाला किंवा आडव्या दांडीला लागून बाहेर गेलेला शॉट ऑन टार्गेट नाही. खांबाला लागून आत गेला तर गोल, मग तो ऑन टार्गेट. रेषेवरून काढलेला मात्र धरतात, अट एवढीच की अडवणारा शेवटचा माणूस असावा, त्याच्या मागे गोलकीपर वगैरे कोणी नसावा. गोलकीपर मागे उभा असताना डिफेंडरच्या पायाला लागला तर तो ब्लॉक. एकूण शॉटमध्ये येतो, ऑन टार्गेटमध्ये नाही.

हे वाटतं त्यापेक्षा महत्त्वाचं आहे. लो ब्लॉकसमोर शॉट मरतात ते याच ब्लॉकमध्ये.

तुमचा निकाल कोणत्या डेटा कंपनीच्या नोंदीवर लागणार ते नियमांत आधी वाचा. सीमेवरचे शॉट दोन कंपन्या वेगवेगळे मोजतात. तुमचा मॉडेल एका नोंदीवर आणि निकाल दुसऱ्या नोंदीवर असेल तर फरक कायमचा राहतो.

---

मैदानवेडा

ठीक, वाट्याचं पटलं. पण मिनिटांत काय अडचण आहे? सुरुवातीपासून खेळणार हे नक्की आहे.

---

त्रैराशिक

सुरुवात नक्की, शेवट नाही. पाच बदली खेळाडूंचा नियम आल्यापासून तर विंगर हा सर्वांत आधी बाहेर बोलावला जाणारा प्राणी आहे.

यात एक बारीक गोम आहे. नोंदीत पूर्ण सामना ९० मिनिटांचा धरतात, पण खरा सामना ९६-९७ मिनिटं चालतो. ७५ व्या मिनिटाला बाहेर गेलेला खेळाडू ९० पैकी ७५ खेळला असं दिसतं, म्हणजे ८३ टक्के. पहिल्या हाफचा वाढीव वेळ त्याला मिळाला असं धरलं तरी प्रत्यक्षात तो ९७ पैकी ७७ च्या आसपास खेळला. शिवाय सामन्याच्या शेवटी शॉट दाट होतात. म्हणून त्याच्या वाट्याला संघाच्या शॉटपैकी ७६ टक्क्यांचाच काळ येतो.

बदली खेळाडूचं नेमकं उलटं. ७५ ला आलेल्याच्या नावावर १५ मिनिटं लागतात, खेळतो वीसच्या आसपास, तेही थकलेल्या बचावासमोर. त्यामुळे बदली खेळाडूंचे ९० मिनिटांचे दर हवेत असतात. तुमच्या खेळाडूच्या चार बदली सामन्यांनीही तो १.२२ थोडा फुगवलाय.

मिनिटांची एकच सरासरी घेण्यापेक्षा तीन शक्यता मांडा. पूर्ण सामना खेळेल, २५ टक्के. पंचाहत्तरीच्या आसपास बाहेर, ६० टक्के. साठीच्या आसपास किंवा दुखापतीने आधीच, १५ टक्के. संघाच्या शॉटमधला त्याचा काळ अनुक्रमे १००, ७६ आणि ६० टक्के. गोळाबेरीज ७९.६.

१५ शॉट, त्यातला १८ टक्के वाटा म्हणजे पूर्ण सामन्याला २.७. त्याचे ७९.६ टक्के, २.१५. हा झाला एकूण शॉटचा अंदाज.

---

कॉर्नरफ्लॅग

म्हणजे १४८० मिनिटांतल्या ४४ शॉटवरून आलेल्या माझ्या २.६८ वरून २.१५. आणि तेही कमकुवत प्रतिस्पर्ध्यासाठी वर नेल्यावर! बरं, ओव्हर १.५ शॉटचा भाव मग १.५८ येतो. पॉयसाँ बरोबर ना?

---

शून्यशून्य

इथे माझं मत वेगळं. पॉयसाँ धरतो की सरासरी २.१५ ही पक्की आहे आणि फक्त नशीब बदलतं. पण सरासरीच पक्की नाही. विसाव्या मिनिटाला यजमान दोन गोलने पुढे गेले तर शॉट आटतात, शून्य-शून्य राहिलं तर पाऊस पडतो, तो साठीला बाहेर गेला तर आणखी वेगळं. म्हणून खरा पसारा पॉयसाँपेक्षा जास्त. मी निगेटिव्ह बायनॉमियल वापरतो. एक्सेलमध्ये:

```
=1-POISSON.DIST(1,2.15,TRUE)
=1-NEGBINOM.DIST(1,12,12/(12+2.15),TRUE)
```

पहिल्याचं उत्तर ०.६३३, दुसऱ्याचं ०.६०९. भाव १.५८ विरुद्ध १.६४. तो १२ म्हणजे पसाऱ्याचा आकडा, लहान केला की पसारा वाढतो.

गंमत पुढे आहे. ओव्हर २.५ ला दोन्हींचं उत्तर जवळजवळ एकच येतं, ३६ टक्के. ओव्हर ३.५ ला उलटं होतं, पॉयसाँ १७.१ देतो आणि हा १८.३. म्हणजे पॉयसाँवाला सरासरीच्या खालच्या लाइनवर ओव्हर महाग विकत घेतो आणि वरच्या लाइनवर अंडर.

---

त्रैराशिक

१२ हा आकडा थोडा सैल वाटतो मला. मिनिटांच्या तीन शक्यता सुट्या मांडल्या की पसाऱ्याचा एक भाग तिथेच येऊन जातो. मग उरलेल्यासाठी १८-२० पुरे. १२ आणि तीन शक्यता दोन्ही वापरले तर तीच गोष्ट दोनदा मोजली जाते.

---

शून्यशून्य

दोन्ही वापरत नाहीच. सरासरी २.१५ घेऊन वर १२, तीन शक्यता त्यातच बुडालेल्या. तुमच्या पद्धतीने १८ घेतलात तरी फरक भावाच्या दुसऱ्या दशांशात पडेल. त्यावर भांडायचं कारण नाही.

---

त्रैराशिक

१.५ च्या लाइनला नाही. ३.५-४.५ ला आहे, पण ते राहू दे.

आता मैदानवेडा यांचा लो ब्लॉक. प्रतिस्पर्ध्याची शैली हिशोबात एकदा नाही, तीन ठिकाणी शिरते: शॉटच्या संख्येत, वाट्यात आणि ऑन टार्गेटच्या प्रमाणात. तिन्ही ठिकाणी तिची दिशा सारखी नसते.

संख्या आपण १५ धरून वाढवलीच आहे. वाट्यात, बॉक्समध्ये गर्दी झाली की स्ट्रायकरला जागा मिळत नाही, बॉक्सच्या कडेवरून मारणारे मिडफिल्डर आणि विंगर थोडे वर जातात. कॉर्नर वाढतात, म्हणून उंच सेंटरबॅकही. हाय लाइन असेल तर उलट: शॉट कमी, पण मागच्या मोकळ्या जागेत धावणाऱ्याच्या पायात जातात आणि गोलकीपरशिवाय अडवायला कोणी नसतं.

आणि प्रमाणात, लो ब्लॉकसमोर शॉट ब्लॉक होतात. इथेच ओव्हरवाले गळाला लागतात.

तुमच्या खेळाडूचे ४२ पैकी १८ म्हणजे ४३ टक्के ऑन टार्गेट. बाहेरून मारणाऱ्या विंगरसाठी हे खूपच आहे. मोठ्या लीगमध्ये एकंदर साधारण तीनात एक शॉट ऑन टार्गेट जातो. ३३ टक्क्यांकडे ८० शॉटच्या वजनाने ओढलं की ३६.४ येतात.

आता ब्लॉक. समजा त्याचे शॉट एरवी २८ टक्के ब्लॉक होतात. म्हणजे ७२ टक्के बचावातून पुढे जातात आणि त्यातले निम्मे, ५०.६ टक्के, ऑन टार्गेट. या प्रतिस्पर्ध्यासमोर ब्लॉक ३३ टक्के धरले तर ६७ टक्केच पुढे जातात. त्याचे ५०.६ टक्के म्हणजे ३३.९. एकूण शॉट २.१५, गुणिले ०.३३९, हे झाले ०.७३ ऑन टार्गेट.

---

कॉर्नरफ्लॅग

१.२२ वरून ०.७३!

निगेटिव्ह बायनॉमियलने किमान एकची शक्यता ५०.७ टक्के, न्याय्य भाव १.९७. पॉयसाँने १.९३. म्हणजे बाजाराचा १.७२ ओव्हर चक्क महाग आहे.

---

मैदानवेडा

थांबा, २८ वरून ३३ हे कशावरून? प्रतिस्पर्धी ब्लॉक जास्त करतो कारण तो सतत मागे पडलेला असतो... नाही, उलट. आघाडीवर असताना मागे बसतो. हा तळाचा संघ आघाडीवर असतो कधी?

---

त्रैराशिक

चांगला मुद्दा, आणि इथे नेहमी घोळ होतो. आघाडीवर असलेला कोणताही संघ मागे सरकतो, जास्त शॉट खातो, जास्त ब्लॉक करतो. त्यामुळे चार सामन्यांत लवकर आघाडी घेतलेला संघ आकड्यांत लो ब्लॉकवाला दिसतो, प्रत्यक्षात नसतो. शैली बघायची तर बरोबरीच्या स्थितीतली मिनिटंच घ्यावीत. नमुना लहान होतो, पण तो शैलीचा असतो, स्कोअरबोर्डचा नाही.

कॉर्नरफ्लॅग, बरोबरीत असताना त्यांनी खाल्लेल्या शॉटपैकी किती ब्लॉक झाले आणि किती बॉक्सच्या बाहेरून आले, एवढं बघा. दोन्ही लीगपेक्षा स्पष्ट वर असतील तरच ३३ धरा. नुसते ब्लॉक वर आणि बाहेरचे शॉट सरासरीइतकेच असतील तर मी ३० च्या वर जाणार नाही.

---

कॉर्नरफ्लॅग

पाहिलं. बरोबरीतले १३१ शॉट, त्यातले ४६ ब्लॉक, म्हणजे ३५ टक्के. बॉक्सबाहेरूनचे लीगपेक्षा वर, पण थोडेच. ३३ ठेवतो.

---

बाराखडी

मग अंडर घ्यायचा का सरळ? २.०५ आहे.

---

शून्यशून्य

आधी बाजाराचा मार्जिन काढा. १.७२ चा व्यस्त ५८.१, २.०५ चा ४८.८, बेरीज १०६.९. प्रमाणात वाटलं तर बाजाराची ओव्हरची खरी शक्यता ५४.४, भाव १.८४. आपला १.९७. तफावत आहे, पण अंडरची आपली शक्यता ४९.३, गुणिले २.०५, १.०११. शंभराला एक रुपया. हिशोबातल्या चुकांपुढे एक टक्का म्हणजे काहीच नाही.

आणि हे नशीब की अंडर दिसतोय. बऱ्याच ठिकाणी फक्त ओव्हर लावतात. तिथे मार्जिन सगळा एकाच बाजूला चढवलेला असतो आणि तो किती ते कळायला मार्ग नाही. फक्त ओव्हरवरून "बाजाराचं मत" काढणं म्हणजे एका चपलेवरून माणसाची उंची सांगणं.

---

लेफ्टबॅक_३

तो बदली म्हणून आला तर? माझ्या इथे एकदा खेळाडू ८८ व्या मिनिटाला आला आणि ओव्हर हरलेला धरला.

---

शून्यशून्य

नियमांवर आहे. काही ठिकाणी सुरुवातीच्या अकरात नसेल तर रद्द, काही ठिकाणी एक मिनिट खेळला तरी चालू. दुसऱ्या प्रकारात संघ जाहीर होण्याआधी ओव्हर घेतलात तर बाकावर बसण्याचा धोका तुमच्या खिशातून जातो. सुरुवात करण्याची शक्यता ८५ टक्के असेल आणि बाकावरून येऊन ऑन टार्गेट मारण्याची २० टक्के, तर ५०.७ ची शक्यता ४६ वर येते. रद्द होणाऱ्या ठिकाणी हा प्रश्नच नाही. एकच भाव दोन ठिकाणी दोन वेगळ्या वस्तू असतात.

नॉकआउट सामन्यात जादा वेळ बहुतेक ठिकाणी धरत नाहीत, शूटआउटच्या पेनल्टी तर नाहीतच.

---

कॉर्नरफ्लॅग

संघ जाहीर झाले. तो सुरुवातीपासून आहे, पण मुख्य स्ट्रायकर बाकावर. आणि आमचा विंगर चित्रात उजवीकडेच असला तरी सरावात मध्ये दिसला म्हणतायत. भाव हलला: ओव्हर १.६६, अंडर २.२०.

वाटा १८ वरून १९.५ केला. एकूण शॉट २.३३, ऑन टार्गेट ०.७९. अंडरची शक्यता ४६.५, गुणिले २.२०, १.०२४. आता अडीच टक्के दिसतायत.

---

त्रैराशिक

तुमचं ३३.९ टक्के ऑन टार्गेट ३७ करून बघा. काही जगावेगळं मागत नाही, ब्लॉकचा अंदाज थोडा कमी आणि त्याचा नेम थोडा खरा मानला की तिथे पोचतो.

---

कॉर्नरफ्लॅग

ऑन टार्गेट ०.८६. अंडरची शक्यता ४३.५, गुणिले २.२०, ०.९५७. अडीच टक्के नफा होता तो चार टक्के तोटा झाला. तीन टक्क्यांच्या फरकाने.

सोडला.

---

मैदानवेडा

आणि तो खरंच मध्ये खेळला तर? मग १९.५ सुद्धा कमी. मध्ये खेळणाऱ्याचे शॉट गोलजवळून, ब्लॉक कमी. तुमचं २८-३३ चं गणितच वेगळं होईल.

---

त्रैराशिक

होय. मग भूमिका बदलली, म्हणजे त्याच्या जुन्या ४२ शॉटना वजनच कमी द्यायचं. मी तरी पहिली पंधरा मिनिटं बघितल्याशिवाय हात लावणार नाही, आणि तोवर भाव गेलेला असेल.

---

शून्यशून्य

स्ट्रायकर बाकावर म्हणालात. पेनल्टी घेणारा तोच होता ना?

मोठ्या लीगमध्ये संघाला साधारण सात-आठ सामन्यांत एक पेनल्टी मिळते. तो मैदानात असण्याचा काळ आणि चुकणाऱ्या पेनल्टी वजा केल्या तरी जवळपास ०.१ ऑन टार्गेट वाढतात. मूळच्या ०.७३ मध्ये ते मिळवले असते तर न्याय्य भाव १.९७ वरून १.८१ वर आला असता. आपण सगळे तासभर ब्लॉकवर भांडतोय आणि बाजार कदाचित एवढ्यासाठीच हलला.

---

कॉर्नरफ्लॅग

तोच होता. दुसरा घेणारा कोण याची नोंद शोधतोय, मागच्या वेळी तर आमच्याच विंगरने घेतल्या होत्या.